नव्या परिचारिकांचे पहिले तीन महिने : त्यांना ड्यूटीच्या तक्त्यात कधीपासून मोजावे?

धागाकर्ती (नर्सिंग अधीक्षक, सांगली)

आमचे रुग्णालय १२० खाटांचे आहे. या वेळी आठ नव्या परिचारिका रुजू होणार आहेत. पाच जीएनएम आणि तीन बीएस्सी. बारा आठवड्यांचा कार्यक्रम आखून प्रत्येकीला शिकवायला एक प्रिसेप्टर सिस्टर द्यावी आणि पहिले चार आठवडे नवीन मुलीला ड्यूटीच्या तक्त्यात मोजू नये, असा प्रस्ताव मी मांडला आहे. चार आठवडे परवडणार नाहीत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे, तर शिकवणे हे वरचे काम असल्याची जुन्या सिस्टरांची तक्रार आहे. आपली मते हवी आहेत.

कराडकर डॉक्टर

मी ४० खाटांचे रुग्णालय चालवतो, त्यामुळे मत थोडे कडू वाटले तरी मांडतो. आठ जणींना महिनाभर न मोजणे म्हणजे दोन जणींचा चार महिन्यांचा पगार कामाविना देणे होय. शिवाय या मुली कोऱ्या येत नाहीत. जीएनएम असो की बीएस्सी, शेवटच्या टप्प्यात त्यांची इंटर्नशिप झालेली असते. त्यांनी सलाईन लावलेले असते, कॅथेटर घातलेला असतो, ड्रेसिंग केलेले असते. मग तेच तीन महिने पुन्हा शिकवायचे आणि सहा महिन्यांनी मुलगी पुण्याला निघून जायची, हा व्यवहार कोणाच्या हिताचा आहे? माझ्या मते एक आठवडा कागदपत्रे, फायर ड्रिल आणि वॉर्डाची ओळख करून द्यावी, दुसऱ्या आठवड्यापासून तिला तक्त्यात घ्यावे आणि दोन वर्षांचा बॉण्ड करून घ्यावा.

जुनी मेट्रन, सातारा

डॉक्टरसाहेब, इंटर्नशिपबद्दल आपण म्हणता ते निम्मे खरे आहे. हाताचे काम या मुलींना बऱ्यापैकी येते. विद्यार्थिनी असताना जे कधीच करावे लागत नाही, ते म्हणजे सहा रुग्ण एकाच वेळी डोक्यात ठेवणे, त्यातले आधी कोणाकडे जायचे हे स्वतः ठरवणे आणि चुकल्यास आपल्या सहीला जबाबदार असणे. ट्रेनिंगमध्ये मागे क्लिनिकल इन्स्ट्रक्टर उभी असते. रुजू झाल्यावर ती नसते.

एक साधे उदाहरण देते. आपल्याकडे इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचेही मिळते आणि १०० युनिटचेही. वॉर्डातली लाल टोपणाची सिरिंज ४० साठी असते. नातेवाईक घरून पेनचे कार्ट्रिज घेऊन येतात, ते १०० चे असते. पेन सापडत नाही म्हणून नव्या मुलीने त्यातूनच लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट जातात. हा फरक तिने परीक्षेत लिहिलेला असतो. पण सकाळी आठ वाजता, राउंड तोंडावर आलेला, दोन डिस्चार्ज थांबलेले आणि मावशी बेडपॅनसाठी हाक मारत असताना तो आठवण्यासाठी शेजारी कोणीतरी असावे लागते.

आता अधीक्षकताईंच्या प्रस्तावाबद्दल. मुलगी किती आठवडे तक्त्याबाहेर असेल यावर सगळी चर्चा चालली आहे. माझ्या अनुभवाने हे कार्यक्रम मोडतात ते प्रिसेप्टरच्या वाट्याला येणाऱ्या रुग्णांमुळे. तिच्याकडे नेहमीइतकेच रुग्ण ठेवले, तर शिकवण्यापेक्षा स्वतः करून टाकणे लवकर होते म्हणून ती सगळे स्वतःच करते, आणि नवीन मुलगी ट्रे धरून मागे फिरते. चार आठवडे ट्रे धरला काय आणि आठ आठवडे धरला काय, शिक्षण तेवढेच होते.

२४ खाटांचा मेडिसिन वॉर्ड घ्या. सकाळी चार सिस्टर असल्या तर प्रत्येकीकडे सहा रुग्ण येतात. पहिले दोन आठवडे प्रिसेप्टर आणि नवीन मुलगी या जोडीला मिळून चारच रुग्ण द्यावेत. उरलेले वीस बाकीच्या तिघींत सात, सात आणि सहा असे वाटले जातात. तिसऱ्या आठवड्यापासून जोडीकडे पुन्हा सहा रुग्ण येतात, त्यातले दोन नवीन मुलीचे असतात, आणि पाचव्या ते आठव्या आठवड्यात ते तीन, मग चार होतात. नवव्या आठवड्यापासून ती तक्त्यात येते आणि पाच रुग्ण स्वतंत्रपणे पाहते. प्रिसेप्टर त्याच पाळीत, त्याच वॉर्डात चार रुग्ण घेऊन हाकेच्या अंतरावर असते. बाकीच्या तिघींना तेव्हा पाच-पाचच उरतात. म्हणजे वॉर्ड दोन आठवडे थोडा जास्त भार उचलतो आणि शेवटच्या महिन्यात त्याची परतफेड होते. व्यवस्थापनापुढे पगाराच्या हिशेबाऐवजी हा हिशेब ठेवावा.

मात्र हा हिशेब सकाळच्याच पाळीत बसतो. दुपारी तिघीच असतील तर प्रत्येकीकडे आधीच आठ रुग्ण असतात. जोडीला चारच दिले तर उरलेल्या दोघींवर दहा-दहा येतात, आणि ते धोक्याचे आहे. म्हणून आठही मुली एकदम चार वॉर्डांत घालू नयेत. चौघींची एक तुकडी घ्यावी आणि तिचे आठ आठवडे झाल्यावर दुसरी.

स्टाफ सिस्टर, सर्जिकल वॉर्ड

हे सगळे कागदावर ठीक आहे, पण प्रिसेप्टर कोणाला करणार? आमच्याकडे सर्वांत जुनी सिस्टर म्हणजे सर्वांत चांगली शिक्षिका असे गृहीत धरतात. वीस वर्षे काम केलेल्या सिस्टरला ड्रेनमधला रंग पाहून काय ते कळते, पण तिला कसे कळले हे विचारा, तर ती म्हणते, ‘बघितलं की कळतं.’ नवख्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही. तीन-चार वर्षे झालेली, स्वतः कशी शिकली हे अजून आठवणारी सिस्टर पुष्कळदा बरे शिकवते. त्यातही जिला इच्छा आहे तिलाच घ्यावे, कारण जबरदस्तीने दिलेल्या मुलीवर राग निघतो आणि तो आम्ही पाहिलेला आहे.

माझा खरा प्रश्न दुसराच आहे. नवीन मुलीने माझ्या देखरेखीखाली चुकीचे औषध दिले तर मेमो कोणाला मिळणार? भत्ता नाही, जास्तीची सुट्टी नाही आणि वर दोघींची जबाबदारी एकीच्या डोक्यावर, असे असेल तर हात वर करणार नाही.

नवीन सिस्टर, विटा

मी स्वतः याच टप्प्यातून जात आहे, म्हणून लिहिते. माझ्या रुग्णालयात प्रिसेप्टर नेमल्या आहेत, पण त्या तक्त्याप्रमाणे बदलत राहतात. एक सिस्टर सांगतात की इनटेक-आउटपुट दर तासाला लिही, दुसऱ्या म्हणतात की ड्यूटी संपताना एकदाच भर. कोणाचे ऐकावे ते कळत नाही, आणि विचारले तर ‘कॉलेजात काय शिकलीस?’ असे ऐकावे लागते. शेवटी त्याच सिस्टर माझ्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही करतात. मला येत नाही, हे मी त्यांना सांगू तरी कसे?

एक पालक

माझी भाची बीएस्सी झाली आहे, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी अजून हातात नाही. तिला या तीन महिन्यांत घेतील का? आणि बॉण्ड मोडला तर मूळ प्रमाणपत्रे अडकवता येतात का?

जुनी मेट्रन, सातारा

भाचीने आधी नोंदणी करून घ्यावी. त्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि प्रिसेप्टर शेजारी असली तरी त्यात फरक पडत नाही. बॉण्डसाठी वेगळा धागा काढावा, नाहीतर हा विषय तिकडेच वाहून जाईल.

विट्याच्या ताईंनी मांडलेला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलीने प्रिसेप्टरची पाळी आणि प्रिसेप्टरची साप्ताहिक सुट्टी पाळली पाहिजे, आणि प्रिसेप्टर रजेवर गेली तर आधीच ठरवलेली एकच दुसरी सिस्टर हवी. पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढले की हे पहिले मोडते. दोन सिस्टर गैरहजर असतात आणि मुलीला ‘आजच्या दिवस’ मोजले जाते. ते टळणार नाही हे मीही जाणते. पण असा प्रत्येक दिवस इनचार्जने नोंदवावा आणि तेवढे दिवस कार्यक्रम पुढे वाढवावा. नाहीतर बारा आठवडे भरल्याचे कागदावर दिसते आणि प्रत्यक्षात सातच झालेले असतात.

अंतिम सही प्रिसेप्टरची नसावी. शिकवणाऱ्या सिस्टरने फक्त काय पाहिले ते लिहावे. मुलगी स्वतंत्रपणे काम करू शकते की नाही, हे वॉर्ड इनचार्ज आणि नर्सिंग एज्युकेटर यांनी ठरवावे.

तेही ‘दहा कॅन्युला लावल्या’ अशा मोजणीवर ठरवू नये. मी सहाव्या आठवड्यात टीपीआर चार्ट उघडते आणि फक्त श्वसनाचा रकाना पाहते. सगळ्या रुग्णांना, सगळ्या वेळी २० लिहिलेले असेल, तर मुलगी श्वास मोजत नाही, मागचा आकडा उतरवते, हे तिथेच समजते. रुग्ण खालावू लागला की श्वसनाचा वेग बहुधा लवकर वाढतो, त्यामुळे तोच आकडा खोटा असेल तर बाकीचा चार्ट कितीही सुबक असून उपयोग नाही. अशा वेळी रागावण्यापेक्षा प्रिसेप्टरने तिच्यासोबत दोन रुग्णांचा श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावा आणि दोघींनी आपापले आकडे वेगवेगळे लिहून ताडून पाहावेत.

दुसरी कसोटी आरएमओला केलेल्या फोनची. ‘सर, १४ नंबरला बरं वाटत नाही, या ना’ हा फोन पहिल्या महिन्यातला झाला. दहाव्या आठवड्यात तिने कोणता रुग्ण, कशासाठी दाखल आहे, सकाळपासून काय बदलले, आत्ताचे श्वसन, नाडी आणि रक्तदाब किती आणि डॉक्टरांनी काय करावे असे तिला वाटते, एवढे एका दमात सांगता आले पाहिजे.

कराडकर डॉक्टर

रुग्णांच्या वाटणीचा हिशेब मला पटला, हे मान्य करतो. पण माझ्याकडे सकाळीसुद्धा मजल्यावर दोनच सिस्टर असतात. एकीचे रुग्ण कमी केले की ते सगळे दुसरीवरच जातात. लहान रुग्णालयाला हा आराखडा जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय रात्रपाळीचे काय? मुलगी आठ आठवडे तक्त्याबाहेर म्हणजे तोवर बाकीच्यांना जास्त रात्री कराव्या लागणार.

जुनी मेट्रन, सातारा

दोनच सिस्टर असतील तर तुम्ही एका वेळी एकच नवीन मुलगी घ्यावी, आणि पहिले दोन आठवडे सकाळी इनचार्जने स्वतः तीन-चार रुग्ण घ्यावेत. याहून चांगला मार्ग मला सुचत नाही.

रात्रीबद्दल माझे मत ठाम आहे. सातव्या-आठव्या आठवड्यापासून प्रिसेप्टरसोबत रात्री द्याव्यात, पण बारा आठवडे होईपर्यंत एकटीला नाही. रात्री मजल्यावर माणसे कमी असतात आणि झोपलेल्या रुग्णाचे खालावणे सहज लक्षात येत नाही.

स्टाफ सिस्टर, सर्जिकल वॉर्ड

इथे मी मेट्रनबाईंशी सहमत नाही. सकाळच्या गडबडीत शिकवायला दोन मिनिटेही सुटत नाहीत. मी जे काही शिकवले ते रात्री दोननंतर, चार्ट पुढे ठेवून. प्रिसेप्टर सोबत असेल तर चौथ्या आठवड्यापासून रात्र द्यायला हरकत नसावी. आणि मेमोच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

धागाकर्ती (नर्सिंग अधीक्षक, सांगली)

सर्वांचे आभार. पहिली तुकडी चौघींचीच घेणार आहे आणि जोडीला सुरुवातीला चार रुग्ण, हे वाटप व्यवस्थापनापुढे मांडते. अंतिम सही इनचार्ज आणि एज्युकेटर यांची राहील. रात्रपाळी दोन वॉर्डांत चौथ्या आणि दोन वॉर्डांत आठव्या आठवड्यापासून सुरू करून पाहीन. मेमोबाबत सिस्टरताईंचे म्हणणे रास्त आहे. देखरेखीखालच्या चुकीची आधी चौकशी व्हावी आणि थेट प्रिसेप्टरला मेमो देऊ नये, असे लेखी मागणार आहे. भत्त्याचे मात्र आत्ताच सांगता येत नाही.

स्टाफ सिस्टर, सर्जिकल वॉर्ड

ते लेखी आले की माझे नाव घाला.