मदत हवी आहे : ऑफिसनंतर जिम, अर्ध्या तासात प्रोटीन नाही घेतलं तर व्यायाम फुकट?

अंबडवाला
वय ३४, वजन ७० किलो, आठ महिने वेट्स मारतोय. कंपनी सुटते साडेसहाला, जिम कॉलेज रोडला, साडेसात ते पावणेनऊ. घर पाथर्डी फाट्याला, मुंबई नाक्याची गर्दी धरून पोचायला साडेनऊ. ट्रेनर म्हणतो, शेवटच्या सेटनंतर अर्ध्या तासात व्हे पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर मसल जळतात. म्हणून पार्किंगमध्ये उभा राहून शेकर पितो. गेल्या आठवड्यात दोनदा शेकर घरी राहिला, एकदा डिकीत दिवसभर कालवलेला राहून असा आंबला की अख्खी बाटली टाकावी लागली. त्या तीन दिवसांचा व्यायाम खरंच वाया गेला का?

बायसेप_भाऊ
ट्रेनर बरोबर बोलतोय. व्यायाम झाला की स्नायू स्पंजसारखे असतात. व्हेसोबत दोन केळी पण खा, स्नायूंतला साखरेचा साठा म्हणजे ग्लायकोजन भरतं. उशीर झाला की दार बंद.

गंगापूर_रोड_आजी
माझ्या नातवाला त्या पावडरने पुटकुळ्या आल्या. कुठली कंपनी घेतोस रे बाळा?

अंबडवाला
आजी, कंपनीचा प्रश्न नाहीये, वेळेचा आहे 🙂

लोखंडी_मास्तर
दार वगैरे काही बंद होत नाही. वेट्स मारल्यावर स्नायूबांधणीचा वेग पुढचे चोवीस तास तरी वाढलेला असतो. २०१३ मध्ये श्योनफेल्ड, अ‍ॅरागॉन आणि क्रीगर यांनी तोवरचे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले. लगेच प्रोटीन घेणाऱ्यांचा फायदा दिसत होता, पण त्यांचं दिवसभराचं एकूण प्रोटीनच जास्त होतं. तो फरक हिशोबात घेतल्यावर वेळेचा फायदा जवळजवळ उरला नाही.

पण मला वेगळंच विचारायचंय. जिमच्या आधी शेवटचं नीट जेवण कधी? दिवसभराचं खाणं लिही.

अंबडवाला
आठला पोहे. एकला डबा : तीन पोळ्या, मटकीची उसळ, थोडा वरणभात. चारला चहा-बिस्किट. मग थेट पार्किंगमधलं व्हे. पावणेदहाला दोन भाकरी, भाजी, वरण, वाटीभर दही.

लोखंडी_मास्तर
इथेच खरी गोम आहे. जेवणातलं प्रोटीन रक्तात काही तास झिरपत राहतं, म्हणून आधीचं आणि नंतरचं खाणं यांत तीन-चार तास असतील, जेवण भरपूर असेल तर पाच-सहाही, तर घाईचं कारण नाही. तुझं मात्र शेकर राहिला की एक ते पावणेदहा, म्हणजे पावणेनऊ तास जवळपास कोरडे. तुझं दार जिमनंतर नाही, जिमच्या आधी अडकलंय.

आता हिशोब. पोह्यांतून ५ ग्रॅम, डब्यातून २२, चहा-बिस्किटातून ३, व्हे २४, रात्रीच्या जेवणातून १८. झाले ७२. किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर तुला ११२ लागतात. रोज ४० ग्रॅम कमी पडतंय आणि तू अर्धा तास मोजतोयस!

सुटायच्या आधी सहाला दोन उकडलेली अंडी आणि मूठभर फुटाणे खा, १८ ग्रॅम. रात्री ताटात शंभर ग्रॅम पनीर, आणखी १८. उरलेले चार सोडून दे. व्हे घरी येऊन जेवणाबरोबर घे, पार्किंगची कवायत बंद.

बायसेप_भाऊ
म्हणजे केळ्याचं पण खोटं?

लोखंडी_मास्तर
खोटं नाही, माणूस चुकला. ते सायकलपटूंवरच्या प्रयोगांतून आलंय. लांब राइडनंतर कर्बोदकं लगेच घेतली तर ग्लायकोजन दोन तास उशिरा घेण्यापेक्षा वेगाने भरतं. पुढचा व्यायाम काही तासांतच असेल तर त्याला महत्त्व. याचा पुढचा व्यायाम उद्या संध्याकाळी आहे, तोवर भाकरी ते काम करते.

पांडवलेणी_पेडल
मग तो माणूस मी. रविवारी पहाटे त्र्यंबकेश्वर जाऊन येतो आणि दुपारी फुटबॉल. आल्या आल्या साबुदाणा खिचडी हाणतो, ते बरोबर म्हणायचं.

लोखंडी_मास्तर
कर्बोदकांपुरतं एकदम बरोबर. प्रोटीन साबुदाण्यात नावालाच, सोबत दही घे.

सिडको_ताई
मी उपाशीपोटी पहाटे पाचला करते. मला पण घाई नाही?

लोखंडी_मास्तर
ताई, तुम्हाला आहे. रात्रीच्या जेवणाला आठ-नऊ तास होऊन गेलेले असतात, तेव्हा व्यायाम संपला की लवकर खा. मिनिटं मोजू नका, पण अकरापर्यंत चहावर काढू नका.

बायसेप_भाऊ
माझा तर लगेच प्यायल्यावरच पंप राहतो, मी नाही सोडणार.

अंबडवाला
मास्तर, तीन दिवस केलं. घरी अंडी चालत नाहीत म्हणून कँटीनवाल्याला सांगून ठेवलीत. पण फुटाण्यांनी स्क्वॉटच्या वेळी पोटात गुडगुड होते, शेजारच्या रॅकवरचा माणूस वळून बघतो. आणि पनीर खाऊन अकराला झोपलं की जळजळ. फुटाण्यांच्या जागी काय?

लोखंडी_मास्तर
फुटाणे चारच्या चहाबरोबर सरकव, सहाला नुसती अंडी. जळजळीसाठी पनीर सकाळी पोह्यांसोबत खाऊन बघ, दिवसाची बेरीज तीच राहते. तरी थांबली नाही तर डॉक्टरला दाखव, तो माझा विषय नाही.