मदत हवी आहे: ईस्टरच्या टेबलावरची बाग, गहू उगवतच नाहीत

कॅम्पातली: पुढच्या रविवारी ईस्टर, हातात आठ दिवस. जेवणाच्या टेबलावर गवताची छोटी बाग करायची आहे, मध्ये फुलं आणि फिक्या रंगाची अंडी. ट्रेमध्ये गहू पेरून चार दिवस झाले, एक कोंब नाही. वर पांढरं आलंय, आंबूस वास येतोय. लवकर सांगा.

निपाणीकर: पाणी जास्त झालंय. ट्रेला भोकं आहेत का?

कॅम्पातली: आहेत हो. शिंपडतेच फक्त.

वडगावचे_काका: गव्हांकुराचा रस करणार असाल तर सकाळी उपाशीपोटी घ्या. मी दोन वर्षं घेतोय, ॲसिडिटी गेली.

खानापूरची_सून: काका, त्यांना टेबल सजवायचंय! ताई, नवरात्रात घटाला धान घालतो तसं करा. अंधारात झाकून ठेवा, भराभर वाढतं.

निपाणीकर: वाढतं, पण पिवळं. घटाला ते चालतं, इथे हिरवं गवत हवंय.

मळेवाली: पांढरं मुळांभोवती असतं तर मुळांचे केस म्हणाले असते, ते पाणी मारलं की बसतात. पण कोंबच नाही आणि वास आहे, म्हणजे दाणा कुजलाय. गहू कुठला घेतला?

कॅम्पातली: घरातलाच. खिरीसाठी आणलेली खपली होती.

मळेवाली: कांडून सडलेली?

कॅम्पातली: हो, खिरीला तशीच लागते ना.

मळेवाली: मग कशी उगवणार! कांडताना टरफलाबरोबर टोकाचा कोंबही जातो. ते सगळं फेकून ट्रे धुवा. दळणाचा अख्खा गहू आणा, बियाण्याचा गुलाबी औषध लावलेला जेवणाच्या टेबलावर नको. आज रात्री भिजत घाला, उद्या सकाळी उपसून फडक्यात बांधा. सोमवारी मोड दिसले की बोटभर मातीवर दाण्याला दाणा लागेल असे पसरा. दोन दिवस ओलं फडकं घाला, मग खिडकीत. या उन्हाळ्यात शनिवारपर्यंत तीन-चार बोटं गवत होईल. वाकलं तर कात्रीनं सारखं करा.

खानापूरची_सून: म्हणजे दोन दिवस झाकायचंच की!

मळेवाली: दोनच दिवस, बाई.

कॅम्पातली: आणि फुलं? गवतात खोचली की तासाभरात माना टाकतात.

निपाणीकर: इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन पाणी भरा, मातीत दाबा. सदाफुली त्यात दिवसभर टिकते.

वडगावचे_काका: अंडी गावरान घ्या, चवीला एक नंबर.

मळेवाली: तपकिरी अंड्यावर फिका रंग दिसत नाही काका, पांढरीच लागतात. कपभर गरम पाण्यात चमचाभर व्हिनेगर, थोडा खायचा रंग, आणि मिनिटभरात बाहेर.

कॅम्पातली: उकडलेली अंडी सकाळपासून टेबलावर ठेवून दुपारी खाल्ली तर?

मळेवाली: या उकाड्यात नको. दोन्ही टोकांना भोक पाडून फुंकून रिकामी करा, आतल्याचं ऑम्लेट.

खानापूरची_सून: आमच्या शेजारच्या आंटी दुपारपर्यंत बाहेर ठेवून खातात, काही होत नाही.

कॅम्पातली: पोरांना सोलायला खरीच हवीत, बघते. गहू भिजत घातलाय. पण खपलीची खीर राहिली की हो आता!