४५-५४ पुरुष बंद करावेत का? वय व लिंगानुसार रिपोर्टमधला फरक खरा केव्हा मानायचा

तांब्या_पितळ:
आमच्या पितळी भांड्यांच्या दुकानाच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिरातींचा मागच्या सात दिवसांचा रिपोर्ट आज सकाळी काढला. २५-३४ महिलांवर ९,८०० रुपये खर्च झाले आणि १४ ऑर्डरी आल्या, म्हणजे ऑर्डरमागे ७०० रुपये. ४५-५४ पुरुषांवर ६,६०० रुपये खर्च होऊन ६ ऑर्डरी आल्या, म्हणजे ऑर्डरमागे १,१०० रुपये. मालकांचे म्हणणे आहे की हा पुरुषांचा गट आजच बंद करावा. काय करावे?

रोजचे_बजेट:
बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी लहान दुकानदारांच्या जाहिराती सांभाळतो आणि त्यांच्याकडे संख्याशास्त्राची वाट पाहण्याइतके पैसे नसतात. एका ऑर्डरमागे ४०० रुपये जास्त जात असतील, तर पितळेच्या धंद्यात तेवढाच नफा असतो. निर्णय चुकलाच, तर पुढच्या महिन्यात गट पुन्हा सुरू करता येतो.

मोजूनमापून:
बजेट लहान असते हे मान्य आहे, परंतु नेमक्या त्याच कारणाने या आकड्यांवर निर्णय घेऊ नये. दोन्ही गटांचा मिळून खर्च १६,४०० रुपये आहे आणि त्यातला जवळजवळ ६० टक्के महिलांवर झाला आहे. दोन्ही गट खरेदीच्या बाबतीत अगदी सारखे आहेत असे क्षणभर धरले, तर २० ऑर्डरींपैकी १२ महिलांकडून आणि ८ पुरुषांकडून याव्यात. प्रत्यक्षात १४ आणि ६ आल्या, म्हणजे सगळा फरक दोन ऑर्डरींचा आहे. इतक्या थोड्या ऑर्डरींत दोनची वरखाली निव्वळ योगायोगाने नेहमीच होते. गेल्या आठवड्यात पुरुषांकडून आणखी दोन ऑर्डरी आल्या असत्या, तर त्यांचा ऑर्डरमागचा खर्च ८२५ रुपये दिसला असता आणि हा प्रश्न पडलाच नसता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८ वर्षांपासून पुढचे सहा वयोगट आणि त्यांत पुरुष व महिला मिळून बारा रकाने होतात. मालकांनी बहुधा त्या बारांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट रकाना शेजारी ठेवला असणार. बारा रकाने असले की कोणता ना कोणता तळाशी राहणारच, मग सगळे गट सारखे का असेनात. दोन गटांवर सारखाच खर्च झाला आणि ७०० व १,१०० हाच फरक टिकला, तर तो योगायोगापलीकडचा मानण्यासाठी प्रत्येकी साधारण ३५,००० रुपये खर्च होऊन एकीकडे ५० आणि दुसरीकडे ३२ ऑर्डरी यायला हव्यात. तेही हेच दोन गट आधीपासून ठरवले असतील तर. बारांतून निवडून काढले असतील, तर याहून जास्त.

नाशिकची_शिकवणी:
आमच्या शिकवणीच्या जाहिरातीत ३५-४४ महिलांचे फॉर्म सर्वांत स्वस्त येतात, म्हणून आम्ही पुरुष पूर्ण बंद केले. तरी प्रवेश घ्यायला वडीलच येतात. तुम्हीही लिंगाचे टार्गेटिंग काढून फक्त आवडीनिवडींवर जाहिरात चालवून पाहा.

मोजूनमापून:
येथे प्रश्न टार्गेटिंगचा नसून रिपोर्ट वाचण्याचा आहे, पण आपल्या अनुभवातला एक मुद्दा इथेही लागू पडतो. रिपोर्टमधला रकाना जाहिरात पाहणाऱ्याच्या खात्याचा असतो, पैसे भरणाऱ्याचा नव्हे. पत्नीने कढईची जाहिरात पाहिली, पतीला सांगितले आणि त्याने आपल्या फोनवरून दुकानाच्या साइटवर जाऊन खरेदी केली, तर ती ऑर्डर बहुधा पत्नीच्या रकान्यात येणार नाही. त्यानेही ती जाहिरात पाहिली असेल, तर त्याच्या रकान्यात जाईल, नाहीतर कुठेच नाही.

रोजचे_बजेट:
मग कोणताच फरक कधी खरा नसतो, असे आपले म्हणणे आहे का? मी अनेकदा पाहिले आहे की १८-२४ चे पुरुष नुसते क्लिक करतात आणि घेत काही नाहीत. हे महिनोन्‌महिने दिसते.

मोजूनमापून:
महिनोन्‌महिने एकाच दिशेने दिसते, हाच खऱ्या फरकाचा सर्वांत चांगला पुरावा आहे. माझ्याकडच्या एका गृहोपयोगी वस्तूंच्या दुकानाचे उदाहरण देतो. तीन महिन्यांत दोन लाख रुपये खर्च आणि २५० ऑर्डरी, म्हणजे सरासरी ८०० रुपये. १८-२४ पुरुषांवर २४,००० रुपये गेले होते, त्या हिशेबाने ३० ऑर्डरी अपेक्षित होत्या आणि आल्या फक्त १२. महिन्यांनुसार पाहिले, तर ४, ५ आणि ३, म्हणजे एकाही महिन्यात अपेक्षित दहाच्या जवळपास नाहीत. एवढी तफावत योगायोगाने पडत नाही.

मात्र गट बंद करण्यापूर्वी मी तोच रकाना कॅम्पेननुसार फोडला. २४,००० पैकी १९,००० रुपये अशा एका कॅम्पेनमधून गेले होते, ज्याचे उद्दिष्ट खरेदीऐवजी लिंकवरील क्लिक असे ठेवले गेले होते, आणि त्यातून फक्त ४ ऑर्डरी आल्या होत्या. जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरवणाऱ्या मेटाच्या यंत्रणेला स्वस्त क्लिक शोधायला सांगितले होते आणि त्या दुकानासाठी ते तिला तरुण मुलांकडे मिळाले. खरेदीचे उद्दिष्ट असलेल्या कॅम्पेनमध्ये त्याच वयाच्या पुरुषांवर ५,००० रुपयांत ८ ऑर्डरी होत्या, म्हणजे बाकीच्यांसारख्याच. फरक खरा होता, पण तो वयाचा नव्हता. आम्ही ते कॅम्पेन बंद केले आणि तरुण पुरुष तसेच ठेवले.

शेवटचा_रुपया:
मी याच्याही पुढे जाऊन म्हणेन की खरेदीच्या उद्दिष्टावर चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये फरक खरा ठरला, तरी गट बंद करणे सहसा चुकीचेच असते. रिपोर्ट सरासरी दाखवतो, तर यंत्रणा पुढची ऑर्डर कितीला पडेल हे पाहून पैसे लावते. २५-३४ महिलांमधल्या सहज घेणाऱ्या बायका आधी संपतात, पुढची ऑर्डर १,३०० ला पडू लागते, तेव्हा यंत्रणा १,१०० वाल्या पुरुषांकडे वळते. पुरुष काढून टाकले की ते ६,६०० रुपये महिलांकडे जातात, पण ७०० च्या भावाने ऑर्डरी देत नाहीत. मेटाच्या स्वतःच्या मदत-पानांवरही ब्रेकडाउन, म्हणजे असा गटांनुसार फोडलेला रिपोर्ट, वाचताना होणारी ही चूक समजावलेली आहे.

रोजचे_बजेट:
हे तत्त्व म्हणून पटते, पण यंत्रणेचा तो अंदाज आम्हाला कुठे दिसतो? आठवड्याला इतक्या थोड्या ऑर्डरी असताना तिलाही पुरेसे शिकायला मिळत नाही. मी काही खात्यांत वयाची खालची मर्यादा वाढवली आणि ऑर्डरमागचा एकूण खर्च खाली आला.

शेवटचा_रुपया:
मर्यादा वाढवली, त्याच काळात सणाचा हंगाम किंवा नवा व्हिडिओ आला नव्हता ना, हे मला ठाऊक नाही, म्हणून तो पुरावा मी धरत नाही. मेटाच्या चाचणीच्या सोयीत प्रेक्षक दोन भागांत वाटून एका भागात पुरुषांसह आणि दुसऱ्यात पुरुषांशिवाय एकाच वेळी जाहिरात चालवावी आणि दोन्ही भागांचा एकूण खर्च व एकूण ऑर्डरी पाहाव्यात.

मोजूनमापून:
ती चाचणी योग्यच आहे, मात्र एवढ्या लहान बजेटमध्ये तिचा निकाल लागायला काही महिने जातील, हे मालकांना आधी सांगावे. तोवर एक बिनखर्चाचे काम करता येईल. ऑर्डर ज्या दिवशी आली त्या दिवसावर न लिहिता ज्या दिवशी जाहिरात पाहिली वा क्लिक केली त्या दिवसावर लिहिली जाते, त्यामुळे आज सकाळी काढलेल्या रिपोर्टमधले शेवटचे काही दिवस अजून अपुरे आहेत. जो गट विचार करायला वेळ घेतो, तो अशा ताज्या रिपोर्टमध्ये महागच दिसतो. त्याच तारखांचा रिपोर्ट आठ दिवसांनी पुन्हा काढून ६ चा आकडा किती होतो ते पाहावे.

तांब्या_पितळ:
मालकांनी खरोखर बारांतले दोन टोकांचे रकानेच पाहिले होते. पुढच्या सोमवारी त्याच तारखा पुन्हा काढतो. एक मात्र खटकते: आमच्या चालू व्हिडिओत सून सासूला कढई देते, पुरुष त्यात कुठेच नाही. दुसरा व्हिडिओ लावला असता, तर हाच रकाना वेगळा दिसला असता का?

शेवटचा_रुपया:
शक्य आहे. दोन्ही व्हिडिओ एकत्र लावल्यास यंत्रणा पुरुषांना बहुधा दुसराच जास्त दाखवेल, आणि मग फरक वयाचा, लिंगाचा की व्हिडिओचा, हे त्या रिपोर्टवरून सांगता येणार नाही.