हेम्पक्रीटच्या भिंतीवर स्लॅब?

"सांगलीत एक खोली हेम्पक्रीटची बांधतोय. भिंत फूटभर जाड आहे, मग स्लॅब तिच्यावरच टेकवला तर चालेल का?"

नाही दादा, जाडीवर जाऊ नका. हेम्पक्रीट म्हणजे भांगेच्या काष्ठाचे तुकडे आणि चुना यांचं मिश्रण. त्यात उष्णता अडवते ती तुकड्यांतली आणि तुकड्यांमधल्या फटींतली कोंडलेली हवा. चुना त्यांना नुसता चिकटवून ठेवतो. म्हणूनच ही भिंत विटेपेक्षा साधारण दहापट कमी उष्णता जाऊ देते, आणि म्हणूनच ती कमकुवतही असते. साधी वीट दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन दाब सोसते, हे मिश्रण बहुधा १ न्यूटनसुद्धा नाही. ठोकून घट्ट केलंत तर ताकद किंचित वाढेल, पण हवा जाईल. मग एवढा खटाटोप कशाला?

स्लॅबचा भार आरसीसी कॉलम-बीमवर घ्या, मधे हे भरा.

खरी काळजी कृष्णेची. पावसाचे शिंतोडे चुन्याच्या गिलाव्यावर वाळतात, पण २०१९ सारखं पाणी दिवसेंदिवस उभं राहिलं तर काष्ठ स्पंजासारखं पाणी पितं. तुमच्याकडे पुराची खूण जिथे असेल, तिथपर्यंत दगड किंवा पक्की वीट, त्यावर ओल अडवणारा थर, मग हेम्पक्रीट. वरून सिमेंटचा गिलावा मात्र नको, आतली ओल आतच कुजवते. गिलावा पोकळ वाजला, कुबट वास आला, की समजा.