मदत हवी आहे: वाटणीच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनाम्यानंतर भाऊ वारला
वडिलांच्या मिळकतीत आई आणि आम्हा तीन भावंडांचा प्रत्येकी १/४ हिस्सा ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा दाव्याच्या सहाव्या वर्षी झाला. शेतजमिनीची वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे गेली, मोजणी बाकी आहे. घरासाठी मात्र कोर्ट कमिशनर नेमून अंतिम हुकूमनामा घ्यायचाय.

आता मोठा भाऊ वारला. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर या कारणाने दावा रद्दबातल होत नाही, एवढं कळलंय. पण त्याच्या मुलांना वारस म्हणून लावण्याचा अर्ज कोर्टात आणि कलेक्टरकडे, दोन्हीकडे द्यायचा का? तोवर कमिशनरची नेमणूक अडते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, फार गरज आहे.