संध्याकाळी सहाचं सुप्रभात
(ग्रुप: बी विंग, फक्त कामापुरतं. बुधवार)

*302 सूनबाई, रात्री 8:12:* नमस्कार. अण्णा या ग्रुपवर नाहीत म्हणून इथे लिहितेय. आज संध्याकाळी 6:10 ला त्यांनी सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर 'सुप्रभात' टाकलं. त्यावर पाच जणांनी उलट सुप्रभात केलं. एकाने तर उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं. अण्णा दुपारचे झोपून उठले होते, बाहेर अंधूक उजेड. त्यांना सकाळच वाटली. दात घासले आणि बीपीची गोळी घेतली. मी ऑफिसातून आले तर डबीतला *गुरुवारचा* खण रिकामा.

*404 काकू:* अगं बाई! सूर्य माझाच. मला वाटलं नेट नसेल, सकाळचा मेसेज उशिरा पोचला असेल 🙏

*101 नाना:* पांढरी गाडी कोणाची? माझ्या जागेवर उभी आहे.

*डॉक्टर 201:* आत्ता बीपी किती?

*302 सूनबाई:* 112/70. घेरी वगैरे नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. एकदम उठू देऊ नका, रात्री परत मोजा म्हणाले. उद्याच्या गोळीचं सकाळी विचारायचंय.

*सेक्रेटरी:* काळजी घ्या. पण मग सरळ सांगायचं ना, 'अण्णा, संध्याकाळ झाली'. त्यात काय एवढं?

*302 सूनबाई:* मागच्या महिन्यात आपणच सांगितलं होतंत. वर हसण्याचे तीन चेहरे. अण्णा पुढे चार दिवस काही लिहीत नव्हते. त्यांचा मेसेज दिसला की मला ऑफिसात कळतं, ते उठलेत. तेही बंद झालं.

*सेक्रेटरी:* मी गमतीने म्हटलं होतं. सगळं माझ्याच माथी.

*403 दादा:* साहेब, तुमची गंमत नोटीस बोर्डावर लावण्यासारखी असते 😄

*101 नाना:* गाडी अजून तिथेच आहे.

*404 काकू:* मग करायचं काय? सुप्रभात म्हटलं तर गोळी, संध्याकाळ म्हटलं तर रुसवा. गप्प बसलो तर म्हणतील, म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही.

*डॉक्टर 201:* सोपं आहे. वेळ नसलेला शब्द आधी. नमस्कार, राम राम, जय हरी, काहीही. मग लगेच आपल्या घरात आत्ता काय चाललंय ते. उदाहरणार्थ, 'राम राम अण्णा! आत्ताच देवापाशी दिवा लावला, रात्रीला पिठलं-भाकरी करतेय.' चूक कोणीच काढली नाही, पण दिवा आणि रात्रीचं जेवण वाचून त्यांचं त्यांना कळतं.

*403 दादा:* नुसतं 'चहा झाला का' चालेल?

*डॉक्टर 201:* नाही. चहा दोन्ही वेळेला असतो. 'आंघोळ झाली का', 'आज काय बेत' हेही नको. आणि प्रश्न विचारूच नका, उत्तर देताना ते गोंधळतात.

*404 काकू:* आणि 'शुभ संध्याकाळ'?

*डॉक्टर 201:* सुप्रभातला लगेच ते उत्तर म्हणजे चूक काढणंच की, फक्त गोड आवाजात.

*सेक्रेटरी:* हे रोजचं झालं तर?

*डॉक्टर 201:* झोपेतून उठल्यावर दहा मिनिटांचा गोंधळ आपल्यालाही होतो, डिसेंबरात तर सहालाच अंधार. पण अर्ध्या तासानेही सकाळच वाटत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं, तर मेसेजचा विषय सोडा आणि तपासणी करा. या वयात लघवीचा संसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणं, यानेही माणूस असा भांबावतो.

*302 सूनबाई:* आज पंधरा मिनिटांत भानावर आले होते. पण महिन्यात दुसरी वेळ, रविवारी दाखवून आणते. डबी आता मी कपाटात ठेवणार, रोज एकच खण बाहेर. आणि दुपारी चारचा गजर.

*101 नाना:* दोन तास झाले. पांढरी गाडी.

*403 दादा:* नाना, नंबर टाका की!

*सेक्रेटरी:* हे मोठ्या ग्रुपवर टाकू का, सगळ्यांना कळेल?

*404 काकू:* अहो, अण्णा आहेत तिथे!!

*सेक्रेटरी:* बरं बरं. विचारलं फक्त.

(सोसायटीचा मोठा ग्रुप. शुक्रवार)

*अण्णा, संध्याकाळी 6:04:* सुप्रभात 🌹

*404 काकू:* राम राम अण्णा! आत्ताच तुळशीपाशी दिवा लावला. रात्रीला मुगाची खिचडी टाकतेय.

*403 दादा:* नमस्कार अण्णा. ऑफिसातून घरी निघालोय, चौकात अडकलोय.

*सेक्रेटरी:* नमस्कार. जिन्यातले दिवे लावले आहेत.

*अण्णा:* खिचडीत लसूण घाल हो. आमच्याकडे दिवा लावायचा राहिलाच, लावतो.

*101 नाना:* सुप्रभात. पांढरी गाडी आज परत.