उल्लेखांचा वाटा आणि भावना एकत्र वाचा

> आमचा शेअर ऑफ व्हॉइस, म्हणजे सोशल मीडियावरच्या एकूण उल्लेखांतला आमचा वाटा, वाढून ४०% झाला, पण विक्री हलत नाही. असं का?

त्या ४० टक्क्यांत तक्रारीही मोजल्या गेल्यात. समजा तीन मसाला ब्रँडचे मिळून १००० उल्लेख आहेत, त्यात तुमचे ४००. त्यातले १०० सकारात्मक, २२० नकारात्मक, बाकी तटस्थ. इतर दोघांचे ३००-३०० उल्लेख, सकारात्मक १८० आणि १२०. आता फक्त सकारात्मक उल्लेखांतला वाटा काढा: ४०० पैकी तुमचे १००, म्हणजे २५%. पहिला प्रतिस्पर्धी ४५ टक्क्यांवर आहे. दर महिन्याला हाच आकडा आधी बघा.

पण त्याआधी उल्लेख गाळून घ्या. नुसतं ‘एव्हरेस्ट’ शोधलंत तर गिर्यारोहकही मोजले जातील. सोबत मसाला, पाकीट, भाजी असे शब्द हवेत. तिन्ही ब्रँडना चाळणी सारखीच लावा, नाहीतर तुलनाच खोटी.

उल्लेखांतली भावना ओळखणारं टूल मराठीत अनेकदा घसरतं. ‘खतरनाक चव’ नकारात्मक धरलं जातं, ‘वा, पाकिटात निम्मी हवाच!’ सकारात्मक. रोमन लिपीतलं मराठी तर बरेचदा तटस्थात पडतं. म्हणून प्रत्येक ब्रँडचे १०० उल्लेख दोघांनी स्वतंत्रपणे हाताने तपासावेत. टूलची चूक एकाच ब्रँडबाबत जास्त निघाली, तर त्या महिन्याची तुलना वापरू नका.